सहसंबंधाची सारणी कशी मांडायची आणि तिच्याखाली किती लिहायचं?

प्रश्न: मी मिरजेत नर्सिंग कॉलेजला शिकवते. पीएचडीसाठी सांगली-मिरजेतल्या खासगी हॉस्पिटलमधल्या १८० सिस्टर्सकडून प्रश्नावली भरून घेतली. कामाचा ताण, वरिष्ठांचा आधार, भावनिक थकवा, नोकरीतलं समाधान, नोकरी सोडण्याचा विचार आणि अनुभवाची वर्षं, अशी सहा चलं आहेत. एसपीएसएसचं आउटपुट तसंच वर्डमध्ये टाकलं तर गाईड म्हणाले, "ही सारणी नव्हे. सरासरी, प्रमाण विचलन, विश्वसनीयता, सहसंबंध सगळं एकाच सारणीत आणा आणि खाली वर्णन लिहा." मी पंधराही सहसंबंधांवर एकेक वाक्य लिहिलं, तेही परत आलं. नेमकं काय करू?

उत्तर:

ताई, मांडणी आणि वर्णन या दोन वेगळ्या अडचणी वाटत असल्या तरी त्यांचं मूळ एकच आहे. प्रबंध तपासणारा माणूस हे पान उघडतो तेव्हा त्याच्या मनात एक साधा प्रश्न असतो: या प्रश्नावल्यांनी जे मोजायचं ते नीट मोजलं का, आणि मोजलं असेल तर कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीबरोबर चालते? सहसंबंधाचा आकडा एकटा याचं उत्तर देऊ शकत नाही. तो किती मोठा येणार हे दोन्ही मापनांच्या विश्वसनीयतेवर आणि उत्तरं किती पसरलेली आहेत यावर अवलंबून असतं. म्हणून तुमचे गाईड चारही गोष्टी एका जागी मागताहेत. त्या शेजारी शेजारी असल्या तरच वाचता येतात.

सांगली-साताऱ्याकडच्या संशोधकांचे आकडे तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. काही गोष्टी तुमच्या विभागाच्या पद्धतीवर ठरतील. विश्वसनीयता कर्णावर लिहायची की वेगळ्या रकान्यात, दशांशचिन्हाआधीचं शून्य लिहायचं की नाही, हे विचारून घ्या. दोन्ही पद्धती चालतात, मात्र पूर्ण प्रबंधात एकच पाळायची. मी खाली एपीएची पद्धत धरली आहे, कारण मानसशास्त्र आणि नर्सिंगमध्ये बहुतेक ठिकाणी तीच मागतात.

सारणी आखण्याआधी अल्फा, म्हणजे प्रत्येक प्रश्नावलीच्या विश्वसनीयतेचा क्रॉनबॅकचा आकडा, काढा. हा क्रम मी कुणालाच चुकवू देत नाही. अल्फा प्रश्नावलीतल्या एकेका प्रश्नावरून निघतो, सहसंबंध मात्र त्या प्रश्नांच्या एकत्रित गुणांवरून निघतात. एकत्रित गुण एकदा करून टाकले की आतली गडबड दिसेनाशी होते. सगळ्यात नेहमीची गडबड उलट प्रश्नांची असते. समाधानाच्या प्रश्नावलीत चार प्रश्न "मला माझं काम आवडतं" या धाटणीचे असतात आणि एखादा "ही नोकरी धरली नसती तर बरं झालं असतं" असा असतो. पूर्णपणे सहमत असलेल्या सिस्टरने या पाचव्या प्रश्नावर ५ ची खूण केली तर तिचं समाधान कमी आहे, पण संगणक ते जास्त धरतो. १ ते ५ च्या श्रेणीत असा प्रश्न ६ मधून वजा करून उलटवायचा, १ ते ७ ची श्रेणी असेल तर ८ मधून. थोडक्यात, श्रेणीतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा मिळवायचा आणि त्यातून उत्तर वजा करायचं.

उलटवायचं राहून गेलंय हे ओळखायला विश्वसनीयतेच्या आउटपुटमधला `Corrected Item-Total Correlation` हा रकाना पाहा. एखाद्याच प्रश्नासमोर उणे चिन्ह असेल आणि बाकी सगळे अधिक असतील, तर तो प्रश्न उलटवलेला नाही असं बहुधा समजावं. त्याच वेळी शेजारच्या `Cronbach's Alpha if Item Deleted` या रकान्यात तो प्रश्न काढल्यावर अल्फा एकदम उडी मारताना दिसेल. इथे घाई करून प्रश्न काढून टाकू नका. आधी उलटवा, पुन्हा अल्फा काढा, मग बघा.

एकत्रित गुण करताना बेरीज न घेता सरासरी घ्या. पाच प्रश्नांची बेरीज १७.४ आणि सहा प्रश्नांची १९.२६ अशा संख्या सारणीत आल्या तर वाचकाला त्यातलं काहीच कळत नाही. तेच १ ते ५ च्या मोजपट्टीवर ३.४८ आणि ३.२१ असं लिहिलं की मधला आकडा ३ आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सगळ्यांनी सगळे प्रश्न सोडवले असतील तर सहसंबंध दोन्ही प्रकारे तंतोतंत तेच येतात.

आणखी एक. एसपीएसएस स्वतःहून प्रत्येक जोडीसाठी उपलब्ध असतील तेवढ्या व्यक्ती घेतं. त्यामुळे एका चौकटीत १८० जणी, दुसरीत १७४, तिसरीत १७७ असं होतं. तुमच्या आउटपुटमध्ये प्रत्येक आकड्याखाली `N` छापलेला आहे, तो सगळीकडे सारखा आहे का बघा. मोजक्याच उत्तरपत्रिका अपुऱ्या असतील तर पूर्ण उत्तरं असलेल्या व्यक्तीच घेऊन सारणी करा, म्हणजे एकच संख्या खाली टिपेत लिहिता येते. अपुऱ्या पत्रिका बऱ्याच असतील तर त्यांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, तो आधी गाईडशी बोला.

सिंटॅक्स असा. समाधानाचे पाच प्रश्न `js1` ते `js5` आणि पाचवा उलट आहे असं धरलंय. शेवटच्या आज्ञेतली `wl`, `ss`, `ee` आणि `il` म्हणजे ताण, आधार, थकवा आणि सोडण्याचा विचार यांचे एकत्रित गुण, तेही `js` सारखेच आधी काढून घ्या. चलांची नावं तुमच्या फाईलप्रमाणे बदला:

```
COMPUTE js5r = 6 - js5.
RELIABILITY
  /VARIABLES=js1 js2 js3 js4 js5r
  /SCALE('JS') ALL
  /MODEL=ALPHA
  /SUMMARY=TOTAL.
COMPUTE js = MEAN.5(js1,js2,js3,js4,js5r).
CORRELATIONS
  /VARIABLES=years wl ss ee js il
  /PRINT=TWOTAIL NOSIG
  /STATISTICS DESCRIPTIVES
  /MISSING=LISTWISE.
```

आता सारणी. तुमचे खरे आकडे माझ्यासमोर नाहीत, म्हणून तुमच्याच चलांवर मी नमुन्यादाखल आकडे रचले आहेत. हे कुठल्याही हॉस्पिटलचे निष्कर्ष नाहीत, पद्धत दाखवण्यापुरते आहेत.

सारणी १. चलांची सरासरी, प्रमाण विचलन, विश्वसनीयता आणि परस्पर सहसंबंध

| चल | सरासरी | प्र. वि. | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| १. अनुभव (वर्षं) | ८.४० | ६.१० | – | | | | | |
| २. कामाचा ताण | ३.६२ | ०.७१ | −.०५ | (.८४) | | | | |
| ३. वरिष्ठांचा आधार | ३.०५ | ०.८२ | .०८ | −.२४** | (.८८) | | | |
| ४. भावनिक थकवा | ३.२१ | ०.८५ | −.१८* | .५२** | −.३६** | (.९०) | | |
| ५. समाधान | ३.४८ | ०.६६ | .१५* | −.३१** | .४५** | −.५६** | (.७४) | |
| ६. सोडण्याचा विचार | २.३६ | १.०२ | −.२९** | .३३** | −.३८** | .४९** | −.५८** | (.८१) |

*टीप.* n = १८०. चल २ ते ६ ची श्रेणी १ ते ५. मोठा आकडा म्हणजे त्या गोष्टीचं जास्त प्रमाण. कर्णावर कंसात क्रॉनबॅक अल्फा. * p < .०५,  ** p < .०१ (द्विपुच्छ चाचणी).

या मांडणीमागची कारणं सांगतो, म्हणजे तुमच्या सारणीत फरक करावा लागला तर काय सोडता येईल आणि काय नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

वरचा अर्धा भाग कोरा आहे, कारण तो खालच्याचीच आरशातली प्रत असतो. एसपीएसएस दोन्ही छापतं, शिवाय प्रत्येक आकड्याखाली `Sig. (2-tailed)` आणि `N`. सहा चलांसाठी त्या पानावर छत्तीस चौकटी आणि प्रत्येकीत तीन ओळी होतात, त्यात कामाचे सहसंबंध फक्त पंधरा. आउटपुट तसंच चिकटवलं की परीक्षक वैतागतो तो यामुळे. सार्थकता ताऱ्यांनी दाखवली आणि संख्या टिपेत गेली की त्या तीनही ओळींची माहिती अर्ध्या पानात बसते.

कर्णावर एसपीएसएस १ छापतं. कुठलंही चल स्वतःशी पूर्ण जुळतं, हे सांगायला जागा खर्चायची गरज नाही. तिथे अल्फा लिहिण्याची पद्धत पडली ती सोयीची आहे: कुठल्याही सहसंबंधावर बोट ठेवा, त्याच्या ओळीच्या टोकाला एका चलाची विश्वसनीयता आणि त्याच्या रकान्याच्या माथ्यावर दुसऱ्याची सापडते. अनुभवाची वर्षं हे एकाच प्रश्नाचं उत्तर आहे, तिथे अल्फा निघत नाही, म्हणून आडवी रेघ. तिथे १.०० लिहू नका. लिहिलं तर ते मोजमाप निर्दोष आहे असा दावा होतो.

सहसंबंध आणि अल्फा एकाच्या पुढे जाऊ शकत नाहीत, म्हणून एपीए पद्धतीत त्यांच्या आधीचं शून्य गाळतात. प्रमाण विचलन एकाच्या पुढे जाऊ शकतं, म्हणून तिथे ०.७१ असं पूर्ण लिहितात. दशांशानंतर दोनच अंक ठेवा. १८० जणींच्या नमुन्यावर तिसऱ्या अंकाला काही अर्थ नसतो. वर्डमध्ये उभ्या रेघा सगळ्या काढा. आडव्या तीन पुरतात: शीर्षओळीच्या वर, तिच्या खाली आणि सारणीच्या शेवटी.

चलांचा क्रम मी अक्षरांनुसार किंवा प्रश्नावलीतल्या जागेनुसार लावत नाही. आधी पार्श्वभूमी, मग कामाच्या परिस्थितीतल्या गोष्टी, मग माणसाच्या मनातल्या, शेवटी जे समजून घ्यायचं आहे ते. तुमचं शेवटचं चल नोकरी सोडण्याचा विचार हे आहे, म्हणून ते तळाला. याचा फायदा असा की सगळ्यात खालची ओळ डावीकडून उजवीकडे वाचली की प्रबंधाच्या मुख्य प्रश्नाचा कच्चा नकाशा हाती येतो. वय आणि अनुभव दोन्ही घेतलं असेल तर त्यांचा आपसातला सहसंबंध फार मोठा येतो आणि दोन्ही ओळी तेच सांगतात. त्यातलं एकच सारणीत ठेवा.

आता वाचन. वर्णन लिहायला बसण्याआधी मी पेन्सिल घेऊन सारणी ठरावीक क्रमाने वाचतो, आणि सहसंबंधांची पाळी त्यात सगळ्यात शेवटी येते.

आधी सरासरी आणि प्रमाण विचलन. समाधान ३.४८ आणि विचलन ०.६६ म्हणजे बहुतेक जणी मध्याच्या थोड्या वर आहेत आणि उत्तरं बऱ्यापैकी पसरली आहेत. सोडण्याचा विचार सरासरीने मध्याच्या खाली आहे, पण विचलन १.०२ आहे, सहा चलांत श्रेणीवर मोजलेल्या पाचांपैकी सगळ्यात जास्त. म्हणजे काही जणींच्या मनात हा विचार अजिबात नाही आणि काहींच्या मनात चांगलाच आहे. असा पसारा असतो तिथेच सहसंबंध दिसू शकतो. हॉस्पिटलमधल्या कामात मला हमखास भेटणारी उलटी स्थिती अशी: मेट्रननी पत्रिका वाटल्या, त्यांच्याच टेबलावर परत गोळा झाल्या, आणि "वरिष्ठांचा आधार" साडेचारच्या पुढे गेला, विचलन अगदी चिमुकलं. मग त्या चलाचे सगळे सहसंबंध क्षीण येतात आणि संशोधक लिहितो की वरिष्ठांच्या आधाराचा थकव्याशी काही संबंध नाही. संबंध आहे की नाही हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही, कारण सगळ्यांनी एकच उत्तर दिलेलं असतं. तुमच्या पत्रिका कोणी वाटल्या आणि कोणी गोळा केल्या हे आठवा आणि पद्धतीच्या प्रकरणात ते लिहा.

मग फक्त चिन्हं, आकडे नाहीत. ताण, थकवा आणि सोडण्याचा विचार या तीन नकोशा गोष्टी आपसात अधिक असायला हव्यात. आधार आणि समाधान या दोन हव्याशा गोष्टी आपसात अधिक. आणि या दोन गटांमधले सगळे सहसंबंध उणे. वरच्या सारणीत तसंच आहे. तुमच्या सारणीत समाधान आणि थकवा यांचा सहसंबंध अधिक आला, तर मिरजेच्या सिस्टर्सविषयी नवा शोध लागला असं समजण्याआधी गुणांकन तपासा. एखाद्या प्रश्नावलीची पूर्ण श्रेणीच उलटी भरली गेली असेल, म्हणजे १ ला पूर्ण सहमत आणि ५ ला पूर्ण असहमत, तर अल्फा उत्तम येतो आणि तरीही त्या चलाचे सगळे सहसंबंध उलट चिन्हाचे होतात. ही चूक अल्फा पकडू शकत नाही, चिन्हं पकडतात. टिपेत "मोठा आकडा म्हणजे जास्त प्रमाण" हे वाक्य मी आग्रहाने घालायला सांगतो ते याच कारणाने.

आता आकार, आणि इथे विश्वसनीयता कामाला येते. तळाची ओळ बघा. सोडण्याच्या विचाराचा समाधानाशी −.५८ आणि थकव्याशी .४९. लगेच लिहावंसं वाटतं की नोकरी सोडण्याच्या विचाराशी थकव्यापेक्षा समाधानाचं नातं जास्त घट्ट आहे. दोन कारणांनी थांबा.

पहिलं कारण. एकाच नमुन्यातल्या, एक चल समान असलेल्या दोन सहसंबंधांतला फरक नुसता डोळ्यांनी ठरत नाही, त्याची वेगळी चाचणी असते. चिन्हं बाजूला ठेवून .५८ आणि .४९ यांची तुलना मी करून पाहिली. समाधान आणि थकवा यांचा आपसातला .५६ त्यात धरावाच लागतो. z सुमारे १.५८ येतो आणि p साधारण .११. म्हणजे १८० जणींच्या आधारावर हा फरक ठामपणे सांगता येत नाही. दोन्ही नाती मोठी आहेत, इतकंच लिहा.

दुसरं कारण मापनाचं आहे. मोजमापात जेवढी अस्थिरता असेल तेवढा सहसंबंध खऱ्यापेक्षा लहान दिसतो. हे स्पिअरमन यांनी १९०४ साली दाखवलं आणि त्यावरची दुरुस्तीही दिली: दिसलेला सहसंबंध भागिले दोन्ही विश्वसनीयतांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. समाधान आणि सोडण्याचा विचार या जोडीसाठी .७४ गुणिले .८१ चं वर्गमूळ .७७ येतं. .५८ ला त्याने भागलं की सुमारे .७५. थकव्याच्या जोडीसाठी .९० गुणिले .८१ चं वर्गमूळ .८५४, आणि .४९ भागिले .८५४ म्हणजे .५७. समाधानाची प्रश्नावली कमी विश्वसनीय आहे, म्हणून तिचा आकडा जास्त दबलेला होता.

हा .७५ मला चांगला वाटत नाही, तो जरा सावध करतो. दोन वेगळ्या म्हणवल्या जाणाऱ्या गोष्टी इतक्या जवळ असतील तर दोन्ही प्रश्नावल्या शेजारी ठेवून प्रश्न वाचावेत. समाधानाच्या प्रश्नावलीत "याच हॉस्पिटलमध्ये पुढेही काम करायला मला आवडेल" असा प्रश्न असेल आणि दुसरीकडे "वर्षभरात मी दुसरीकडे नोकरी बघणार आहे" असा, तर दोन्हीकडे एकच गोष्ट विचारली गेली आहे. सहसंबंधाचा काही भाग त्या प्रश्नानेच तयार केला. तो एक प्रश्न वगळून सहसंबंध पुन्हा काढा. .५८ चा .५४ झाला तर निश्चिंत राहा आणि तसं एका वाक्यात लिहा. .४० पर्यंत घसरला तर मूळ आकड्यावर निष्कर्ष उभा करू नका. दुरुस्त केलेला आकडा एकाच्या जवळ किंवा पुढे गेला तर दोन्ही चलं वेगळी आहेत हा दावाच मागे घ्यावा लागतो, किंवा अल्फा काढण्यातच काही चुकलं आहे.

दुरुस्त केलेले आकडे सारणीत मात्र घालू नका. सारणीत नेहमी प्रत्यक्ष दिसलेले सहसंबंध असतात. दुरुस्ती मजकुरात, तीही "विश्वसनीयतेसाठी दुरुस्त केल्यास" असं स्पष्ट म्हणून. अल्फा हा पुष्कळदा खऱ्या विश्वसनीयतेपेक्षा थोडा कमी येतो, त्यामुळे दुरुस्ती थोडी जास्तच होऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

अनुभवाचा रकाना राहिला. अनुभव आणि ताण −.०५, अनुभव आणि आधार .०८, दोन्ही नगण्य. समाधानाशी .१५ ला एक तारा मिळाला आहे. १८० जणींच्या नमुन्यात .१५ च्या आसपास एक तारा मिळतोच, पण त्याचा ९५ टक्क्यांचा विश्वासांतर जवळजवळ शून्यापासून .२९ पर्यंत पसरलेला आहे. तारा आहे म्हणून त्यावर परिच्छेद लिहू नका. सोडण्याच्या विचाराशी −.२९ मात्र बोलण्याजोगा आहे: अनुभवी सिस्टर्समध्ये हा विचार कमी. याचा अर्थ लावताना जपा. अनुभव वाढला की माणूस रुळतो, हे एक स्पष्टीकरण. ज्यांना जायचं होतं त्या आधीच गेल्या, म्हणून जास्त अनुभवाच्या गटात राहणाऱ्याच उरल्या, हे दुसरं. एकदाच भरलेल्या पत्रिकांवरून या दोघांतलं एक निवडता येत नाही.

आता वर्णन. पंधरा वाक्यं परत आली, कारण ती सारणीच पुन्हा वाचून दाखवत होती. वाचकाला त्यात जे आपोआप दिसत नाही ते सांगायचं: आकडे एकत्र पाहिले की कोणता आकृतिबंध दिसतो, कुठे अपेक्षेप्रमाणे आहे, कुठे नाही. सहा चलांच्या सारणीला दोन परिच्छेद पुरतात. मी असं लिहीन:

> सारणी १ मध्ये सर्व चलांची सरासरी, प्रमाण विचलन, विश्वसनीयता आणि परस्पर सहसंबंध दिले आहेत. सर्व प्रश्नावल्यांची विश्वसनीयता .७४ ते .९० दरम्यान होती. समाधानाची सर्वांत कमी होती. परिचारिकांनी कामाचा ताण श्रेणीच्या मध्याच्या वर नोंदवला, तर नोकरी सोडण्याचा विचार सरासरीने मध्याच्या खाली होता, मात्र त्यात परिचारिकांमधील तफावत सर्वाधिक होती.
>
> सहसंबंधांची दिशा सर्वत्र अपेक्षेप्रमाणे होती. नोकरी सोडण्याच्या विचाराचा सर्वांत मोठा संबंध समाधान (r = −.५८) आणि भावनिक थकवा (r = .४९) यांच्याशी दिसला, या दोन सहसंबंधांच्या आकारातील फरक सार्थ नव्हता. कामाचा ताण आणि वरिष्ठांचा आधार यांचे सोडण्याच्या विचाराशी संबंध त्यापेक्षा लहान होते (r = .३३ आणि −.३८). ताणाचा संबंध थकव्याशी जास्त होता (r = .५२), तर आधाराचा समाधानाशी (r = .४५). अनुभवाचा ताण किंवा आधार यांच्याशी संबंध आढळला नाही; अधिक अनुभव असलेल्या परिचारिकांनी सोडण्याचा विचार कमी नोंदवला (r = −.२९). सर्व चलं एकाच वेळी, एकाच व्यक्तीच्या उत्तरांवरून मोजलेली असल्याने हे सहसंबंध काही अंशी फुगलेले असू शकतात.

पंधरांपैकी सातच आकडे मजकुरात आले. बाकीचे सारणीत आहेत, ज्याला हवेत तो बघेल. दुसऱ्या परिच्छेदातली ताण-थकवा आणि आधार-समाधान ही दोन वाक्यं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. एकेक सहसंबंध वाचून ती सुचत नाहीत. कामाच्या परिस्थितीतली एक गोष्ट थकव्याच्या बाजूने जाते आणि दुसरी समाधानाच्या बाजूने, ही तुमच्या पुढच्या विश्लेषणाची दिशा तिथे दिसते. तुम्ही पुढे रिग्रेशन करणार असाल तर परीक्षक तिथे पोहोचेपर्यंत त्याच्या मनात ही अपेक्षा तयार झालेली असेल. "जास्त" आणि "त्यापेक्षा लहान" असं मी इथे फक्त नमुन्यात दिसलेल्या आकड्यांबद्दल म्हटलं आहे. त्यावर निष्कर्षाचं वजन टाकायचं असेल तर तिथेही फरकाची चाचणी करावी लागेल.

आणि या प्रकरणात "ताणामुळे थकवा वाढतो", "आधाराचा समाधानावर परिणाम होतो" अशी वाक्यं कुठेही येऊ देऊ नका. थकलेल्या सिस्टरला तेच काम जास्त वाटत असेल, हेही .५२ मध्ये तितकंच बसतं. "संबंध दिसला", "यांनी अधिक नोंदवला" इथवर थांबा. कारणांची चर्चा पुढच्या प्रकरणात, तीही शक्यता म्हणून.

शेवटी अल्फाबद्दल, कारण पुढचा प्रश्न तिथेच येईल. .७० च्या खाली आलं की प्रश्नावली टाकून द्यायची, असं बरेच जण धरून बसतात. मी तसं करत नाही. तीनच प्रश्न असतील तर .६५ येणं अनपेक्षित नाही, कारण अल्फा प्रश्नांच्या संख्येबरोबर वाढतो. पंधरा प्रश्नांची प्रश्नावली .७० देत असेल तर ती मला जास्त खटकते. कमी अल्फाचं चल ठेवायचं असेल तर आकडा आहे तसा कर्णावर लिहा आणि त्या चलाचे सहसंबंध दबलेले असू शकतात हे मजकुरात सांगा. मूळ इंग्रजी प्रश्नावलीच्या लेखकांनी दिलेला अल्फा तिथे लिहिलेला मी पुष्कळ प्रबंधांत पाहतो. तो त्यांच्या नमुन्याचा आणि त्यांच्या भाषेतला आहे. तुमच्या सिस्टर्सनी मराठी भाषांतर भरलं आहे, म्हणून कर्णावर तुमच्या १८० जणींवरून काढलेलाच आकडा हवा. मूळचा हवा तर साधनांच्या वर्णनात द्या.

तुमचे पाचही अल्फा आणि उलटवलेल्या प्रश्नांची यादी आधी काढा. त्यात एखादा आकडा विचित्र दिसला तर सारणी करण्याआधी इथे टाका, मी बघतो.